उरेब कडा

तुर्भ्याला एका गाळ्यात आमचं शिवणकेंद्र होतं. खाली पत्र्याचे डबे करणारा कारखाना, वर आम्ही. ट्रक गेला की मशीनवरची कात्री हलायची. वाशीच्या नव्या इमारतीत राहणाऱ्या एक ताई ते चालवत. परदेशी पाठवायच्या रजया आम्ही शिवायचो, पण गोधडीसारख्या नाही. रंगीत तुकडे जोडून नक्षी करायची, आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्याला तंतोतंत मिळाला पाहिजे.

त्या नक्षीतला सगळ्यात जास्त लागणारा तुकडा म्हणजे अर्धा गडद, अर्धा फिका चौकोन. दोन त्रिकोण जोडून झालेला. आम्ही त्याला जोडचौकोन म्हणायचो. तो साडेतीन इंच भरला पाहिजे, म्हणजे चारी बाजूंना पाव पाव इंच शिवणीत जाऊन नक्षीत तीन इंच दिसतो. पाव इंचाचीही नाही, एका सुताची, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाची चूक झाली तरी रजईच्या दुसऱ्या टोकाला ती बोटभर होते.

मी चौथीपर्यंत शिकलेली, पण टेपवरचे आकडे वाचता यायचे, आणि कुणाशी वाद घालायची नाही. म्हणून की काय, ताईंनी तपासणी माझ्याकडे दिली. माझ्याजवळ पत्र्याचा साडेतीन इंची फर्मा होता, त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओरखडलेली. इस्त्री केलेला जोडचौकोन घ्यायचा, ती रेघ बरोबर शिवणीवर ठेवायची, बाहेर आलेलं कापड कापायचं. नव्या बायका फर्मा कापडाच्या कडेला लावायच्या. मग मापात बसायचं, पण शिवण कोपऱ्यातून न जाता बाजूला सरकायची आणि नक्षीतलं टोक बोथट व्हायचं. आधी शिवण, मग कड, एवढंच मी सांगायचे, तेही हळू आवाजात.

सासरे गेल्यावर सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणायचे, आमच्याकडे सानपाड्याला आल्या. गावाला त्या चोळ्या, झंपर शिवायच्या. त्यांच्या मशीनवर अख्ख्या आळीचं शिवण व्हायचं. इथे आमची एकच खोली, मालक आगरी, शेजार नवा. त्या दिवसभर उंबऱ्यात समोरच्या भिंतीकडे बघत बसायच्या. कधीकधी म्हणायच्या, "मला गावाला सोडा. तिथं निदान कुत्रं तरी वळखतं." गावाला घर बंद होतं आणि बघायला कुणी नव्हतं. मीच ताईंना विचारलं, त्यांना केंद्रात घ्याल का. ताई म्हणाल्या, "घेऊ की. पण चाचणी सगळ्यांना सारखी हं. एक गठ्ठा जोडचौकोन करून द्यायचे. पास झाल्या तर मशीन त्यांची."

पहिल्या दिवशी सासूबाई धुतलेलं नऊवारी नेसून आल्या. बायकांनी "आजी, या" म्हटलं आणि त्या हसल्या. सासरे गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

जोडचौकोन करायच्या रीती बऱ्याच होत्या. त्रिकोण कापून जोडायची रीत कुणी वापरायचं नाही, कारण त्रिकोणाची तिरकी कड ओढली जाते. नेहमीची रीत अशी: चार इंचांचे दोन चौकोन एकमेकांवर ठेवायचे, पेन्सिलीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंचावर शिवण मारायची आणि रेघेवर कापायचं. दोन जोडचौकोन होतात. मोठ्या कापडावर पेन्सिलीची जाळी आखूनही असंच करता येतं, मग एकदम पुष्कळ निघतात.

सासूबाईंच्या शेजारच्या मशीनवर दिवाळे गावची एक बाई होती, हाताने आणि तोंडाने सारखीच चपळ. तिने त्यांना तिसरीच रीत दाखवली. "आजी, रेघा कशाला मारतं? पावणेसहाचे दोन चौकोन घ्यायचे, चारी बाजूंनी शिवायचे न कोपऱ्याला कोपरा धरून दोन कात्र्या आडव्या-तिडव्या मारायच्या. चार झाले. हाय काय न नाय काय!"

मी ते ऐकलं होतं. ती रीत लवकर होते, पण त्यात जोडचौकोनाच्या चारही बाहेरच्या कडा उरेब येतात, म्हणजे कापडाच्या विणीला तिरक्या. उरेब कापड रबरासारखं ताणतं. मी तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. मी उठले नाही. सासूला सगळ्यांदेखत शिकवायचं कसं, या विचारात दुपार गेली.

चाचणीचा गठ्ठा सासूबाईंनी माझ्या टेबलावर ठेवला, नीट चळत करून, सुतळीने बांधून. ताई बाजूला उभ्या होत्या. बायकांनी मशीनी थांबवल्या, कारण सुनेने सासूची तपासणी करायची हा तमाशाच होता.

"सूनबाई, जपून हं. घरी भाकरी मिळायची नाही," कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

मी पहिला तुकडा फर्म्याखाली घेतला. बरोबर. दुसरा बरोबर. त्यांनी फर्मा शिवणीवरच लावून कापले होते, एक सूतसुद्धा इकडेतिकडे नाही. पण वीण तिरकी दिसत होती. फर्मा त्याबद्दल काही सांगत नाही. मी पास म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं, आणि पुढे रजई इस्त्रीला आली की मधोमध पापडासारखी फुगली असती.

मग मी जे केलं ते बोलण्यापेक्षा वाईट झालं. तुकडा दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. तो लांबला. पुन्हा फर्म्याखाली ठेवला तर एका बाजूने बाहेर आला. मी दुसरा ओढला, तोही लांबला.

"अगं बाई, आजींचा चौकोन आहे का चुइंगम?" मागून कुणी म्हणालं. सगळ्या हसल्या. दिवाळ्याची बाईही हसली, जिने शिकवलं तीच.

सासूबाई म्हणाल्या, "रजईत टाकं पडल्यावर बसंल की ते. गोधडीत काय काय बसतं."

त्यांचं खरं होतं, गोधडीपुरतं. गोधडीत दोन-तीन थर एकावर एक पसरतात, हाताने सपाट करतात आणि बोटाच्या अंतरावर धावदोरा घालत जातात. कापड जसं येईल तसं दोरा त्याला धरून ठेवतो. आमच्या रजईत तुकड्याला तुकडा आधी जुळावा लागतो. पण हे मी कुणाला समजावलं नाही. मान खाली घालून गठ्ठा बाजूला सरकवला. ताई म्हणाल्या, "टेन्शन नका घेऊ आजी, उद्या परत करून द्या. पण उद्या शेवटचं हं."

घरी त्या माझ्या हातचं जेवल्या नाहीत असं नाही. जेवल्या, पण ताट स्वतः वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना चार इंचाचे चौकोन रेघा मारूनच दिले. गडद निळं कापड होतं, पेन्सिलीची रेघ त्यावर करडी दिसायची. त्या मशीनवर वाकल्या, इतक्या की दिवाळ्याची बाई म्हणाली, "आजी, सुई नाकान जाल!" मी लांबून पाहत होते. मशीनचा पाय रेघेजवळून निघाला आणि मध्यावर रेघ सोडून भलतीकडे गेला. त्या थांबल्या. कापडावरून बोट फिरवलं, जशी आपण अंधारात कडी चाचपतो. पुन्हा पाय सोडला, पुन्हा सुटला.

त्यांना रेघ दिसतच नव्हती.

चारी बाजूंनी शिवायची रीत त्यांनी लवकर व्हावं म्हणून घेतली नव्हती. त्यात रेघ नसते. मशीनचा पाय कापडाच्या कडेला टेकवून नेला की झालं, ते बोटांनाही कळतं, शिवणीचा उंचवटा आणि फर्म्यावरचा ओरखडा कळतो तसं. त्यांनी डोळ्यांचं झाकायला ती रीत धरली होती आणि मी सगळ्यांसमोर ती ओढून दाखवली होती. आजही तो तुकडा हातात लांबत असल्यासारखं मला वाटतं.

ताईंनी सुरुवातीला आणखी एक रीत दाखवली होती, ती कुणाला जमली नव्हती. गडद आणि फिक्या कापडाच्या तीन-तीन इंचांच्या उरेब पट्ट्या कापायच्या, लांबीला जोडायच्या, आणि मग फर्म्याची रेघ शिवणीवर ठेवून चौकोन कापायचे. पट्टी तिरकी म्हणून चौकोनाच्या कडा सरळ विणीच्या निघतात, ताणत नाहीत. बायकांच्या हातून पट्ट्या शिवतानाच ताणायच्या, म्हणून ती मागे पडली. पण चोळीला उरेब पट्टी लावण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना ते काय अवघड? आणि त्यात रेघ नव्हती. नुसती कड.

मी ताईंकडे गेले. सगळ्यांच्या देखत, कुणी न विचारता मी बोलले असं त्याआधी कधी झाल्याचं मला आठवत नाही. "ताई, आत्यांना पट्ट्यांची रीत करू द्या. पट्ट्या मी कापून देते."

"त्यात टोकांना कापड जास्त वाया जातं."

"नंतरची काटछाट वाचेल."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "पण का? रेघेची रीत सोपी आहे ना?"

आता खरं कारण सांगायचं तर सासूबाईंचे डोळे सगळ्यांसमोर मांडायचे. मी म्हटलं, "त्यांचा उरेबला हात चांगला आहे." हे खोटं नव्हतं, पण मला खोटं बोलल्यासारखं वाटलं.

मी कापत गेले, सासूबाई शिवत गेल्या. त्यांनी विचारलं नाही की हे का. पट्टीला त्यांनी कुठेच ओढ दिली नाही, कापड मशीनच्या दातांवर आपसूक सरकू दिलं. इस्त्रीसुद्धा फिरवली नाही, उचलून ठेवली, उचलून ठेवली, शिवण गडद बाजूला वळवून. मग फर्मा लावून चौकोन कापायला पट्ट्या माझ्याकडे दिल्या. संध्याकाळी ताई पुन्हा टेबलाशी आल्या आणि मशीनी थांबल्या.

सगळे मापात होते. मी चळत पुढे केली आणि "पास" म्हणाले.

"वडून बघ की," सासूबाई म्हणाल्या. "काल वडलंस तसं."

"नको, आत्या."

"वड म्हनते न्हवं?"

कुणी हसलं नाही. मी एक तुकडा धरला आणि ओढला. तो जागचा हलला नाही. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, चळतीवर ठेवला आणि चारी कडा तळहाताने सारख्या केल्या.

ताईंनी त्यांना खिडकीजवळची मशीन दिली. बायका त्यांच्याभोवती जमल्या. मी टेबल आवरत राहिले.

परतताना त्या माझ्या पुढे चालत होत्या. सानपाड्याच्या वळणावर थांबल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "खिडकीपाशी उजेड बरा हाय."

"हो," मी म्हटलं.

चष्म्याचं बोलायची ती वेळ होती. तोंडापर्यंत आलं, पण आदल्या दिवशी मी हातांनी जे बोलले होते त्यानंतर त्यांच्या डोळ्यांचं नाव काढायचा मला हक्क राहिला आहे असं वाटेना. एक ट्रक आला, आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला सरकलो, आणि तो गेल्यावर त्या पुन्हा पुढे निघाल्या.