बोंबील झाला

मी हट्टी आहे. आमच्या घरात हे नव्याने कुणाला सांगावं लागत नाही. गेल्या वर्षी माझी जिवाभावाची मैत्रीण गेली, तेव्हाही मी असाच एक हट्ट धरला. तिचा एक तरी शब्द जिवंत ठेवायचा.

शब्दच का, तर तिच्यामागे दुसरं काही उरलं नव्हतं. लग्न नाही, मूल नाही, भाड्याची खोली घरमालकाने लगेच दुसऱ्याला दिली. पण शब्द तिने ढिगाने केले होते. आम्ही दोघी समुद्रकाठच्या दांडी गावच्या. एसटीने बोईसर आणि तिथून पालघरला कॉलेज, असा आमचा रोजचा प्रवास. कंटाळवाण्या तासाला ती 'सुकट' म्हणायची. वर्गाकडे सर येताना दिसले की 'सायरन'. आणि 'बोंबील' कसा झाला ते तर माझ्या डोळ्यांसमोर घडलं. एकदा एसटी येता येईना. स्टॉपवर सावली नव्हती. रस्त्यापलीकडे दोरीवर बोंबील वाळत घातले होते, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने. ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "बग, आपलाबी बोंबील झाला." हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून कुणी ताटकळत ठेवलं की आमचा बोंबील व्हायचा.

शब्द असा एका दिवसात पसरत नाही. कितीतरी दिवस तो फक्त एसटीच्या मागच्या बाकांवर होता. तो ज्याला कळला तो आपला, नाही कळला तो परका, एवढंच त्याचं काम. मग शेजारच्या घिवली गावची एक मुलगी आमच्यात बसायला लागली. ती व्हॉलीबॉल खेळायची, अख्खं कॉलेज तिच्यावर फिदा. तिची ओढणी घ्यायची पद्धतसुद्धा मुली उचलायच्या. तिने एकदा कॉलेजच्या फाटकात उभं राहून मोठ्याने म्हटलं, "काय गं, किती उशीर! बोंबील केलास माजा!" झालं. आम्ही इतके दिवस बोलत होतो ते कुणी ऐकलं नव्हतं, तिचं एकदा बोललेलं सगळ्यांनी उचललं. मुलींकडून तो भावांकडे गेला. भाऊ बोईसरच्या कंपन्यांत लागले, तिथे साताऱ्या-सांगलीकडची पोरं होती, जव्हारच्या डोंगरातली होती, हिंदी बोलणारी होती. लग्नाच्या हळदीत तो गावोगाव फिरला. माझ्या मैत्रिणीला याचा कोण आनंद! "माजा शब्द हाय तो," असं ती ओळखीपाळखीत सांगत सुटायची आणि कुणी विश्वास ठेवायचं नाही.

शब्द मेलेलाही मी तेव्हाच पाहिला. गॅदरिंगमध्ये आमच्या सरांनी भाषणात हसत हसत म्हटलं, "मुलांनो, माझं भाषण सुकट होत नाही ना?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून 'सुकट' कुणाच्या तोंडी नाही. सरांना येतो तो शब्द आपला कसला? 'सायरन' आमच्याबरोबर कॉलेजातून बाहेर पडला. आमच्या मागून आलेल्या बॅचने सर आल्याचा स्वतःचा इशारा काढला. पुढे आमची लग्नं झाली, आम्ही पांगलो. सासूसमोर 'माजा बोंबील झाला' म्हणायची कुणाची टाप होती? शब्द माणसांच्या घोळक्यात राहतो, घोळका मोडला की तो बेघर होतो. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी हट्ट धरला.

सुरुवात भाचीपासून केली. ती पालघरला कॉलेजात आहे. तिच्या मैत्रिणींना घरी बोलावलं, कोळंबीचं कालवण केलं आणि जेवताना एकेक शब्द पेरत गेले. "आज तास सुकट होता का गं?" मुली एकमेकींकडे बघून ओठ दाबत होत्या. मी सोडलं नाही. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकलं. भाचीला रोज सकाळी विचारलं, "सायरन झाला का?" शेवटी ती वैतागली.

"मावशी, प्लीज. लई क्रिंज होतं."

"क्रिंज म्हंजे काय?"

"हे तू करतेस ना, ते."

"चांगला शब्द हाय माजा. तुमचा तो कुटून आला? मोबाइलमधून. नागपूरची पोरगी तोच बोलते नि बोईसरची पण तोच. आमचा इथला होता."

"चांगला हाय गं. पण तू बोललीस ना, मग आमी नाय बोलणार."

मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त रडू आलं. रात्रभर तळमळले. पोरीने वाईट काहीच म्हटलं नव्हतं. मी आता ते भाषणातले सर झाले होते, एवढंच. जितका जोर लावत होते तितकी माझ्या मैत्रिणीच्या शब्दांना माती देत होते. भाचीचं 'क्रिंज'ही टिकायचं नाही, हे मला कळत होतं. छान, वाईट, कंटाळा, चेष्टा, यांचे शब्द सगळ्यात आधी शिळे होतात, कारण प्रत्येक नव्या पिढीच्या पोरांना ते स्वतःचे हवे असतात. आईचा जुना ड्रेस अंगाला बसला तरी लेक तो घालत नाही. पण हे कळून माझं दुःख कमी झालं नाही. मी शब्द पेरायचं थांबवलं. हट्ट मात्र सोडवेना.

मी बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला आहे. या उन्हाळ्यात एक दिवस शिफ्ट सुटली आणि आमची बस आली नाही. फाटकाबाहेर आम्ही बायका ओळीने उन्हात उभ्या. माझ्या शेजारी मशीनच्या लाइनवर नवी लागलेली एक मुलगी होती, बिहारची; आम्हा पॅकिंगवाल्यांचा त्या लाइनशी एरवी फारसा संबंध येत नाही. फोनवर कुणाला तरी सांगत होती, "अरे, बस ही नहीं आई. कब से बोंबील हो गया मेरा."

माझ्या हातातून डबा पडला. तिने तो उचलून दिला. मी विचारलं, "ये किधर सीखी तू?"

"क्या, बोंबील? लाइन में सब बोलते हैं, मौसी. मराठी में ऐसा ही बोलते हैं ना?"

ती ज्यांच्याकडून शिकली ते तिच्याआधी लागलेले, आणि ते त्यांच्याआधीच्यांकडून. ताटकळणं इथे कुणाला चुकलेलं नाही, बससाठी, सुपरवायझरसाठी, रिकाम्या जागेसाठी. ते सांगायला इतका नेमका शब्द दुसरा मिळाला नसेल, म्हणून हा कामाला लागून राहिला. त्यातली कॉलेजची नवलाई कधीच झडून गेली होती. तो तरुणांचा आहे असं कुणालाच वाटत नव्हतं, म्हणून तो म्हातारा झाला तरी कुणी टाकला नाही. आणि या पोरीने तर बोंबील वाळत घातलेले कधी पाहिलेसुद्धा नसतील.

माझ्या जिभेवर मैत्रिणीचं नाव आलं. सांगावंसं वाटलं, ओरडून सांगावंसं वाटलं, की हा मराठीचा नव्हे, हा तिचा आहे, दांडीच्या एसटी स्टॉपवर तिने केला. मग समोर भाचीचा चेहरा आला. मी सांगितलं असतं, तर ती पोरगी पुढच्या वेळी तो शब्द उच्चारताना माझ्याकडे बघून हसली असती. हळूहळू तो पॅकिंगमधल्या मावशीचा किस्सा झाला असता. शब्द जगवायचा तर तिचं नाव गिळायला हवं होतं. आयुष्यात केलेल्या सगळ्या हट्टांत हा मला सगळ्यात जड गेला.

"हां," मी म्हणाले. "ऐसा ही बोलते हैं."

ती हसली. ओढणी डोक्यावर घेत तिने विचारलं, "आपका भी हो गया ना, मौसी?"

"झाला बाय," मी म्हणाले. "वर्ष झालं."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. लांबून बस येताना दिसली, तशी ती पुढे पळाली, माझी जागा धरायला.