सहावी विभक्ती आधी

रशियनच्या वर्गात मी पहिल्या दिवशी मागच्या बाकावर बसले ती शिकायला नव्हे, पाळत ठेवायला.

मुलगी बारावी झाली होती आणि रशियात डॉक्टरकीला जाणार होती. तिकडे शिकवतात इंग्रजीत, पण तिसऱ्या वर्षापासून वॉर्डात पेशंट रशियनच बोलतात, म्हणून जाण्याआधी भाषेची पहिल्या पातळीची परीक्षा देऊन या, असं कॉलेजनं सुचवलं होतं. परदेशी डॉक्टरकीच्या नावाखाली आमच्या जळगावात बऱ्याच जणांनी लोकांना टोप्या घातलेल्या मी पाहिल्या होत्या. त्यामुळे झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत रशियन शिकवणारे हे सर मला पहिल्यापासून खटकले. पन्नाशीचे, शर्टाच्या बाह्या दुमडलेले. तरुणपणी तिकडे इंजिनिअरिंग शिकून आले म्हणायचे. म्हणायचे खरं, पण बघितलं कोणी होतं?

मी स्वतः शाळेत पंचवीसेक वर्षं मराठी शिकवत आलेली. विभक्ती हा माझ्या हाताखालचा विषय. प्रथमा, द्वितीया, तृतीया, झोपेतून उठवलं तरी सांगेन. रशियनमध्ये सहा विभक्ती आहेत हे मी आदल्या रात्री पुस्तकात वाचून आले होते. पुस्तकातला क्रम असा: पहिली कर्त्याची, दुसरी मालकीची आणि नसण्याची, तिसरी ज्याला द्यायचं त्याची, चौथी कर्माची, पाचवी ज्याच्यासोबत किंवा ज्याने करायचं त्याची आणि सहावी ठिकाणाची. सर दुसरी घेतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी फळ्यावर एकदम सहावी घेतली.

"मी जळगावात राहतो," ते म्हणाले. "जळगावला रशियन लोक जलगाओन म्हणतात. तर, या झिवू व् जलगाओने. शेवटी ए लागला, की 'त' प्रत्ययाचं काम झालं. चोपड्याची कोण आहे?"

एका मुलीने हात वर केला.

"चोप्दा. व् चोप्दे. आ गेला, ए आला. असोदा, व् असोदे. नरडाणा, व् नरदाने. आलं ना लक्षात? फक्त इंडियाला वेगळं आहे. इंदिया, व् इंदिई. ते सध्या तसंच पाठ करा."

"सर, माझं आजोळ धुळ्याचं आहे," माझी मुलगी म्हणाली.

"व् धूले."

"म्हणजे बदललंच नाही?"

"धुळं बदलत नाही," सर म्हणाले आणि पुढे गेले.

मी मनात खूणगाठ बांधली. जळगाव बदलतं, चोपडा बदलतो, नरडाणा बदलतं, आणि धुळं तेवढं बदलत नाही? मराठीत तर धुळ्याला, धुळ्यात, धुळ्याहून, किती बदलतं! माणसाला येत नव्हतं आणि त्याने ठोकून दिलं, असंच मला वाटलं.

घरी येताना मुलीला म्हणाले, "त्यांनी दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी सोडून सहावी का घेतली?"

"सोपी असेल."

"सोपी तेवढीच येत असेल."

"आई, तू ना!"

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी चौथी घेतली, कर्माची. म्हणजे सहावीनंतर चौथी. जिथे राहतो तिथे 'व्' आणि सहावी, जिथे जायचं तिथे तोच 'व्' पण चौथी. व् चोप्दे राहते, व् चोप्दु जाते. व् जलगाओने राहते, व् जलगाओन जाते. चौथीत पुल्लिंगी वस्तू बदलत नाही, स्त्रीलिंगी आ चा उ होतो. क्नीगा म्हणजे पुस्तक, ते वाचायचं तर क्नीगु. इथवर मला चूक सापडली नाही. मग मुलीने विचारलं, "सर, मी भाऊ बघते, हे कसं म्हणायचं? ब्रात तसाच ठेवायचा ना?"

सरांनी खडू खाली ठेवला. "भावाला अजून वेळ आहे," म्हणाले. "आधी टेबल, घर, पुस्तक, शहर बघा. माणूस नंतर बघू."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. उत्तर माहीत नसलेला शिक्षक काय करतो, हे मी शाळेत रोज बघते. 'पुढे येईल' म्हणतो. मीही म्हटलेलं आहे. त्यांच्या चेहऱ्यावर घाम बिम काही नव्हता, पण मला तो चेहरा जास्तच शांत वाटला.

मग मी धुळ्याला गेले. आईच्या गल्लीत एक डॉक्टर राहतात, ते रशियातून शिकून येताना बायको तिकडचीच घेऊन आले. तिला इथे येऊन पुष्कळ वर्षं झाली. सासूच्या हाताखाली राहून ती अहिराणी अशी बोलते, की फोनवर कोणी तिला परकी म्हणणार नाही. मी मोबाईलवर सरांचा तास लपवून रेकॉर्ड केला होता, तो तिला ऐकवला.

ती चहा गाळता गाळता ऐकत राहिली. "बठ्ठं बरोबर शे, अक्का."

"धुळ्याचंही?"

"धुळं तसंच ऱ्हास. शेवटी ए आहे ना, परकं नाव आहे. आमच्याकडे अशा नावांना प्रत्यय लागत नाही. व् धूले. मी आईला फोनवर तसंच सांगते, इतकी वर्षं."

माझी एक बाजू पडली. पण दुसरी होती. "क्रमाचं काय? तुमच्या शाळेत कोणत्या क्रमाने शिकवतात?"

"पुस्तकातल्याच. पहिली, दुसरी, तिसरी, तशाच."

"मग हा माणूस उलटं का शिकवतो?"

तिने चहा माझ्यासमोर ठेवला. विचार करून म्हणाली, "अक्का, आम्हले बोलता येत व्हतं. मंग शाळामा क्रम शिकाडा. आम्ही प्रत्यय शिकलो नाही, प्रत्ययांची नावं शिकलो."

हे ऐकून मला जरा चपापल्यासारखं झालं. माझ्या वर्गातली पोरं तरी दुसरं काय करतात? 'मी शाळेत गेलो' हे पाचवीतलं पोर बरोबरच बोलतं. सप्तमी हे नाव मी त्याला वर्गात देते. पण संशय असा एका चहात जात नाही. ती बाई गोड आहे, कोणाला नाव ठेवणार नाही, असं मनाशी म्हणत मी एसटीत बसले. शिवाय ती म्हणालीच होती, "माणूस जुन्या सिनेमातल्यासारखं बोलतो." जुनं म्हणजे किती जुनं? परीक्षेत आजचं विचारलं तर? आणि भावाचं तिला विचारायचं राहूनच गेलं होतं.

पुढच्या तासानंतर मी सरांना गाठलं. मुलीला खाली थांबायला सांगितलं.

"सर, एक विचारू का? स्पष्टच विचारते. तुम्ही सहावी आधी का घेतलीत?"

"बाई, तुम्ही मराठी शिकवता ना? तुम्ही विचाराल असं वाटलंच होतं." ते खुर्चीत बसले. "मला तिकडे पहिल्या आठवड्यात अख्खा तक्ता दिला होता. सहा ओळी, तीन लिंगं, वर अनेकवचन. मी सगळा पाठ केला. दुकानात गेलो तर ब्रेड मागता येईना. तोंड उघडायच्या आधी तक्त्यातली ओळ शोधावी लागायची, तोवर मागचा माणूस ब्रेड घेऊन गेलेला असायचा."

"म्हणून उलटं?"

"उलटं नाही. लागेल तसं. कुठे राहतो हे पहिल्या दिवशी सांगावं लागतं, आणि सहावीत बहुतेक एकच प्रत्यय आहे, ए. मग कुठे जातो, काय वाचतो, म्हणजे चौथी. मग माझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही, ती दुसरी. मग मला आवडतं, मला अठरा वर्षं झाली, ती तिसरी. शेवटी कोणासोबत आणि मी कोण होणार, ती पाचवी. पहिल्या पातळीला बहुतेक एकवचनच लागतं. अनेकवचनाचा तक्ता आत्ता दाखवला तर निम्मी पोरं खाली झेरॉक्स काढायला म्हणून जातील आणि परत येणार नाहीत."

"आणि भाऊ? तो का टाळलात?"

"टाळला नाही. दुसरी झाल्याशिवाय तो सांगता येत नाही."

मला हे पटलं नाही. चौथीतल्या भावाचा दुसरीशी काय संबंध? मला ती पळवाट वाटली. मी 'बरं' म्हणून खाली आले आणि मुलीला सांगितलं, "अजून एक आठवडा बघू. नाहीतर पुण्याचा ऑनलाइन क्लास लावू."

तो आठवडा दुसरीचा होता. सरांनी मुलीला विचारलं, "तुला भाऊ आहे?"

"नाही."

"मग म्हण, ऊ मिन्या न्येत ब्राता. न्येत म्हणजे नाही. जे नाही ते दुसरीत. ब्रात नाही, ब्राता."

सगळ्यांनी आपापलं नसलेलं सांगितलं. चोपड्याच्या मुलीकडे गाडी नव्हती, माझ्याकडे वेळ नव्हता. वही भरली तसं सर म्हणाले, "आता मागचा प्रश्न. मी भाऊ बघते. टेबल बघताना टेबल बदललं नव्हतं. पण पुल्लिंगी शब्द सजीव असला, तर कर्म होताना तो दुसरीचं रूप उसनं घेतो. दुसरी आत्ता पाठ झाली, म्हणजे हे फुकट मिळालं. व्हीझू स्तोल, टेबल दिसतं. व्हीझू?"

"ब्राता!" वर्ग ओरडला.

मी मागच्या बाकावर पेन धरून बसले होते. मी घर पाहिलं. मी भावाला पाहिलं. घराला 'ला' नाही, भावाला आहे. हे मी पंचवीस वर्षं वर्गात बोलत होते आणि एकदाही त्याकडे बघितलं नव्हतं. सजीव म्हटला की आपणही प्रत्यय लावतो. फरक एवढाच, की रशियन माणूस तो दुसऱ्या विभक्तीकडून मागून आणतो. आधी दुसरी शिकवली नसती तर कुठून आणणार होता?

त्यानंतर तिसरीत 'मला आवडतं' आलं, म्न्ये न्रावित्सा. तिथेही कर्ता बाजूला आणि 'मला' पुढे, अगदी आपल्यासारखं. पाचवीत दुधाचा चहा आला, चाय स् मलाकोम, आणि माझी लेक पहिल्यांदा म्हणाली, की तिला व्राचोम व्हायचंय, डॉक्टर. मी त्या दिवशी मान खाली घालून लिहीत राहिले.

तरी परीक्षेवर माझा विश्वास बसला नव्हता. सर चांगले निघाले म्हणून कागद खरा कशावरून? मुंबईच्या केंद्रावर आत काय चालतं, हे बाहेर बाकावर बसून कळणार नव्हतं. म्हणून मीही अर्ज भरला. मुलीने कपाळाला हात लावला, सरांनी मात्र शांतपणे सही केली.

परीक्षा अगदी खरी होती. शब्द-व्याकरण, वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं, सगळं वेगवेगळं. व्याकरणाच्या भागात चार-चार पर्याय होते, आणि राहणं-जाणं, असणं-नसणं, भाऊ आणि टेबल, हेच इकडून तिकडून विचारलं होतं. मी भरभर सोडवलं. ऐकण्याच्या भागात एक बाई रेल्वे स्टेशनवर कोणाशी तरी इतक्या वेगाने बोलत होती, की मला फक्त 'व्' ऐकू येत होता. पुढे शेवटी ए होता की काहीच नव्हतं, म्हणजे ती तिथे होती की तिथे चालली होती, याचा पत्ता लागला नाही.

मुलगी पास झाली. मी ऐकण्यात कमी पडले. तेवढा भाग पुन्हा देता येतो म्हणे.

निकाल आणि त्या स्टेशनवरच्या बाईचा किस्सा सांगायला गेले तेव्हा सर म्हणाले, "बाई, तुम्हाला ऐकण्याची सवय कमी आहे. तुम्ही आधी तपासता, मग ऐकता."

"तपासायला नको?"

"तपासा की. पण ती बाई गाडी पकडून जाते तोवर."

मुलगी पुढच्या महिन्यात गेली. मी मात्र आता संध्याकाळी धुळ्याच्या त्या डॉक्टरीणबाईला फोन करते, आणि ती माझ्याशी पंधरा-वीस मिनिटं रशियन बोलते, न थांबता, मुद्दाम भराभर. मी एकही शब्द लिहून घ्यायचा नाही, अशी तिची अट आहे. काल ती कुठेतरी गेली होती की कुठेतरी होती, हे मला कळलं. बहुतेक बाजारात होती.