गिऱ्हाईक नसलेला भाव

तीस वर्षं मी श्रीरामपूरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर नगरला सावेडीत राहायला आलो आणि शेअर बाजारात उतरलो. आयुष्यभर जे फळ्यावर लिहिलं, त्याचा आता उपयोग करू म्हटलं.

बायको शाळेत शिक्षिका होती. तिच्याकडे एकाच बँकेचे शेअर होते, तेही पगारातून वर्षानुवर्षं थोडे थोडे घेतलेले. पारनेरलाही शाखा, बेलापूरलाही शाखा, देशात कुठेही जा, शाखा, अशी ती बँक. मी त्या शेअरना पेन्शनरांचे शेअर म्हणायचो. वर्षभरात जेमतेम हलायचे.

मी मात्र पंपांचे सुटे भाग बनवणारी एक छोटी कंपनी शोधून काढली. नफा चांगला, कर्ज नाही आणि कुणाला नावही माहीत नाही. सावेडीतल्या एका शेअर दलालाकडे माझं खातं होतं. दलाल माझाच जुना विद्यार्थी. त्याला म्हटलं, "दोन हजार शेअर घे."

तो म्हणाला, "सर, यात दिवसाला मुश्किलीने हजार-दीड हजार शेअर फिरतात. हळूहळू घेऊ."

"घाई कर," मी म्हणालो. "भाव चढेल."

भाव चढला. १३८ ला सुरुवात केली होती, शेवटचे शेअर १४६ ला मिळाले. बाजाराला माझी पारख पटली, असं मी घरी जाहीर केलं. भाव माझ्याच खरेदीने चढला होता, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. वर्षभरात तो १८० झाला. बायकोची बँक तेवढ्यात सहा टक्के वाढली. मी रोज संध्याकाळी दोन्ही आकडे तिला वाचून दाखवायचो.

मग तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी दोन्ही बदलायला सांगितलं आणि पुढच्या आठवड्याची तारीख दिली. "माझे विकतो," मी मोठेपणाने म्हणालो. "तुझे राहू देत."

दलालाकडे गेलो. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. १८० ला चाळीस शेअर घेणारा एक जण होता. १७८ ला पंचवीस, १७२ ला शंभर. खाली आणखी थोडे.

"आहे त्या भावाला सगळे विकायला टाकले, तर आपणच भाव पाडू," तो म्हणाला. "आज थोडे काढू."

"माल चांगला आहे. १८० च्या खाली द्यायचे नाहीत," मी बजावलं.

त्या दिवशी चाळीस विकले गेले. त्याच संध्याकाळी कंपनीने कळवलं की त्यांचा सगळ्यात मोठा ग्राहक सोडून गेला. निम्मा माल तोच घ्यायचा. मोठ्या कंपनीचा एखादा ग्राहक गेला तर दुसरे शंभर असतात. इथे एक गेला आणि निम्मी कंपनी गेली.

सकाळी बाजार उघडताच शेअर पाच टक्के पडून थांबला. या शेअरला दिवसात त्याहून खाली जायची परवानगीच नव्हती. स्क्रीनवर विकायला नव्वद हजार शेअर, घेणारा शून्य.

"माझी ऑर्डर टाकलीस ना? आता मिळेल त्या भावाला."

"टाकली, सर. रांगेत आहे. पण घेणाराच नाही."

पारनेरचा एक दूधवाला तिथे बसला होता. म्हणाला, "सर, म्हस बाजारात न्हेली आनि गिऱ्हाईकच आलं न्हाई, तर भाव काय सांगायचा?"

मी तरलतेची, म्हणजे हवा तेव्हा माल विकता येण्याची, व्याख्या तीस वर्षं शिकवली होती. दलालाला ती पाठ होती. तो स्क्रीनकडेच बघत राहिला, हा त्याचा सभ्यपणा.

चार दिवस असंच चाललं. रोज पाच टक्के खाली आणि विक्री शून्य. चौथ्या दिवशी भाव १४७ च्या आत आला. हॉस्पिटलची तारीख दोन दिवसांवर. घरी गेलो तर बायको म्हणाली, "अहो, माझे विका ना. एवढं काय त्यात?"

त्या दिवशी तिची बँकही दोन टक्के पडली होती. पण दलालाने ऑर्डर टाकली आणि मी चष्मा पुसेपर्यंत सगळे शेअर विकले गेले. भाव पैशानेही हलला नाही. दर सेकंदाला हजारो लोक घेत होते. त्यात आमचं प्रमाण ते काय! दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात होते.

ऑपरेशन झालं. तिचे शेअर लवकर परत घेऊन द्यायचे म्हणून पुढच्या महिन्यात मी माझे शेअर पन्नास-शंभर करत काढले, सरासरी १२० ला. कंपनीला नंतर दुसरा ग्राहक मिळाला, आणि मी शेवटचे शेअर विकल्यावर भाव पुन्हा १९० ला गेला. कंपनी वाईट नव्हतीच. तिथे थांबायला वेळ हवा होता, आणि गरज पडली तेव्हा तो माझ्याकडे नव्हता.

आलेल्या पैशांत मी बँकेचेच शेअर घेतले, बायकोच्या नावावर. ती आता काठीशिवाय भाजी आणते. परवा मी तिला म्हणालो, "तुझे शेअर महिनाभर हललेच नाहीत बघ."

"मी हलते ना," ती म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात दिली.