राजापूरच्या विहिरींच्या नोंदी

मी रत्नागिरीत नोकरीला लागले ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. एका खासगी न्यासाने विहिरींच्या पाण्याची पाहणी चालवली होती, तिथे संगणक सांभाळायचं काम होतं. मुंबईत वर्षभराचा कोर्स केला होता, आणि गावाजवळ नोकरी मिळते म्हटल्यावर घरच्यांना बरं वाटलं.

पाहणी सरांची होती. सर निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञ. त्यांचा एकच ध्यास: एवढा पाऊस पडणाऱ्या मुलखात बायांना एप्रिल-मेमध्ये घोटभर पाण्यासाठी घाटी चढावी लागते, हे नुसतं सांगून कोणी ऐकत नाही, मोजून दाखवायला हवं. म्हणून मंडणगडपासून राजापूरपर्यंत गावोगावच्या शिक्षकांना त्यांनी ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी दिली होती. दर आठवड्याला विहिरीत सोडायची, पाणी किती खाली आहे ते पोस्टकार्डावर लिहून पाठवायचं. हे बरीच वर्षं चाललं होतं. मी आले तेव्हा सगळी जुनी कार्डं मशीनमध्ये भरून झाली होती. कार्डं ठेवलेली खोली गळायची, वाळवी लागली होती. शेवटच्या दोन वर्षांची सोडून बाकीची कार्डं सरांनी आधीच रद्दीत घालायला लावली होती.

"मशीनमध्ये आहे, टेपवर आहे. आणखी काय पाहिजे?" ते म्हणाले होते, असं मला नंतर कळलं.

टेप म्हणजे कॅसेटपेक्षा जाड, वहीएवढी कार्ट्रिज. ऑफिस बंद झाल्यावर मशीन आपणहून विहिरी, पाऊस आणि पाण्याच्या नोंदी अशा तिन्ही तक्त्यांच्या फायली काढायचं आणि सगळी डिस्क टेपवर उतरवायचं. सकाळी पडद्यावर 'बॅकअप पूर्ण' अशी ओळ दिसायची. वारानुसार टेपा फिरत. महिनाअखेरची एक सरांच्या घरी कपाटात, तीही पुढच्या महिनाअखेरीला पुसली जाई.

मला त्या ओळीचा भरवसा वाटेना. मुंबईत आम्हाला शिकवणारे एक गृहस्थ होते, त्यांनी सांगितलं होतं की टेपवरचं दुसऱ्या मशीनवर उतरवून बघितल्याशिवाय ती टेप चांगली असं म्हणू नका. मी सरांना विचारलं.

"आपल्याच मशीनवर उतरवून बघ की."

"नको सर. टेप खराब निघाली तर चांगल्या नोंदींवर तीच बसेल. वेगळं मशीन पाहिजे."

सरांना ते पटलं, पण वेगळं मशीन आणायचं कुठून? शेवटी गावातल्या एका संगणक शिकवणाऱ्या संस्थेत आमच्यासारखंच मशीन आलं, डेटाबेसही तोच. त्यांनी रविवारी वापरू द्यायचं कबूल केलं.

शनिवारी संध्याकाळी मी टर्मिनलवर कोणालाही बसू दिलं नाही. आधी तिन्ही तक्त्यांतल्या ओळी मोजून कागदावर लिहिल्या, नोंदी तालुकावारही मोजल्या, मग नेहमीसारखी टेप होऊ दिली. मोजणी आणि टेप यांच्यामध्ये एकही ओळ वाढली असती तर ताळा लागला नसता. रविवारी टेप डब्यात घालून, ऊन लागू नये म्हणून टॉवेलात गुंडाळून रिक्षाने नेली. सरही आले.

संस्थेच्या मशीनवर मी रिकामा डेटाबेस तयार केला, तेच तीन तक्ते, रिकामेच. मग टेप लावली. ती कुरकुरत पुढे सरकत राहिली. बराच वेळ मशीनच्या स्वतःच्या फायली येत होत्या, मग विहिरींची फाइल आली, पावसाची आली, शेवटी नोंदींची सुरू झाली. आणि पडद्यावर ओळ आली: टेप अपेक्षेआधी संपली.

"म्हणजे काय?" सरांनी विचारलं.

"बघते."

जेवढं उतरलं होतं तेवढं तक्त्यांत भरलं आणि मोजायला घेतलं. विहिरी जुळल्या. पाऊस जुळला. सरांनी खुर्ची पुढे ओढली. नोंदींचा आकडा आला तेव्हा मी तो दोनदा मोजला, कारण तो माझ्या कागदावरच्या आकड्याच्या पाऊणपटही नव्हता. मग तालुकावार मोजलं. मंडणगड बरोबर. दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर बरोबर. रत्नागिरी अर्धवट. लांजा शून्य. राजापूर शून्य.

नोंदींची फाइल तालुक्यांच्या क्रमाने, उत्तरेकडून दक्षिणेकडे लिहिली जायची. मी तिची शेवटची ओळ उघडली. पावस गावातल्या एका विहिरीची होती. तारीख होती, पाण्याची खोली नव्हती. ओळ मध्येच तुटली होती.

कारण कळायला वेळ लागला नाही. टेप भरली की मशीन 'पुढची टेप घाला' असं विचारतं. संध्याकाळी विचारायचं तेव्हा उत्तर द्यायला कोणी नसायचं. लिहिणं तिथेच थांबायचं, आणि आधीच्या माणसाने लिहून ठेवलेली आज्ञावली लिहिणं पुरं झालं की नाही ते न बघताच 'बॅकअप पूर्ण' छापायची. नोंदी वाढत गेल्या तेव्हापासून, म्हणजे किती तरी महिने, आमच्या सगळ्या टेपा अशाच अपुऱ्या होत्या.

परतताना रिक्षात सर एवढंच म्हणाले, "राजापूर सगळ्यात कठीण होतं. तिथल्या शिक्षकांना पटवायला मला दोन उन्हाळे लागले."

"सर, आपल्या मशीनवर आहे ना सगळं. उद्याच नीट घेऊ. मशीनच्या फायली वगळल्या तर आपल्या नोंदी एका टेपवर मावतील."

पण सोमवारी सर अडून बसले. "एकही टेप पुसायची नाही. नव्या मागवतो."

"सर, त्या सगळ्या सारख्याच अपुऱ्या आहेत. एक पुसली तर काही जात नाही."

"अपुऱ्या का असेनात, त्यात सहा तालुके आहेत. मला आता कशावर विश्वास ठेवायचा तेच कळत नाही. नव्या येऊ देत."

मी वाद घातला, पुन्हा घातला, मग थांबले. ते माझ्यापेक्षा वयाने, मानाने कितीतरी मोठे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. संस्थेकडे स्वतःची एकच टेप होती, ती त्यांनी दिली नाही. नव्या टेपांसाठी मुंबईला तार केली. फ्लॉपीवर घ्यायला मात्र सरांनी परवानगी दिली. ऑफिसात आणि गावातल्या दुकानात मिळाल्या तेवढ्या फ्लॉप्या गोळा करून मी रत्नागिरीचा राहिलेला भाग घेतला, मग लांजा. दोन्ही संस्थेच्या मशीनवर उतरवून मोजले. जुळले. तिथे फ्लॉप्या संपल्या. राजापूर तेवढं राहिलं.

मे संपत आला होता. त्या आठवड्यात दुपारी आभाळ भरून आलं आणि वीज अशी कडाडली की खिडकीची काच हादरली. दिवे गेले, आले, पुन्हा गेले. मी मशीन बंद करायला धावले, तोवर ते बंद पडलं होतं. वीज आल्यावर सुरू केलं तर आतून टक टक टक असा आवाज येऊ लागला, कोणी दाराची कडी वाजवावी तसा.

कोल्हापूरहून इंजिनियर आला. झाकण काढलं, थोडा वेळ कान लावून ऐकलं.

"वाचणारं हेड डिस्कवर आपटलंय मॅडम."

"वाचता येईल काही?"

"मुंबईला पाठवून बघा. पण आशा धरू नका."

आम्ही आशा धरली. डिस्क मुंबईहून महिन्याने परत आली, जशी गेली तशीच. तोवर नव्या टेपा येऊन पडल्या होत्या. पाकिटं मी तेव्हा फोडलीच नाहीत.

नवी डिस्क बसवून मी टेपवरचं उतरवलं, फ्लॉप्यांवरचं भरलं, जपून ठेवलेल्या दोन वर्षांची राजापूरची कार्डं पुन्हा टाइप केली. मग मोजलं. आठ तालुके कागदाशी जुळले. राजापूरची फक्त ती दोन वर्षं होती. त्याआधीची सगळी वर्षं कुठेच नव्हती.

श्रावणात सर म्हणाले, "चल, आपण तिथे जाऊन सांगून येऊ. पत्राने सांगण्यासारखं नाही."

एसटीने गेलो. राजापूर तालुक्यात पाचल रोडवरून आत एक गाव होतं. तिथले गुरुजी अगदी पहिल्या वर्षापासून नोंदी पाठवत होते. आता निवृत्त झाले होते, तरी दोरी सोडायला जात. त्यांनी आम्हाला ओटीवर बसवलं. त्यांच्या बायकोने आमसुलाचं सार दिलं. सरांनी सगळं सांगितलं, काही न लपवता.

गुरुजी ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आमचा काहीच नाय राहिला?"

"दोन वर्षं राहिली."

"दोन साल काय वो. पाऊस कमी पडलेला ते साल त्यात नाय. तेव्हा बाया झऱ्यावर रात्र रात्र बसायच्या. तो दाखवायचा होता तुम्हाला."

"मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो गुरुजी. माझं वय आहे तोवर."

"सुरू करा की. पण त्या सालचं पाणी आता कसं मोजणार?"

त्यांच्या आवाजात रोष नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. वाटीतलं सार सरांनी प्यायलं नाही, आणि त्यांना पुन्हा आग्रह करायचं धाडस कोणाला झालं नाही. परतताना गाडीच्या काचेवर पावसाच्या धारा लागल्या होत्या, बाहेर प्रत्येक ओहोळ भरून वाहत होता.

अहवाल त्या हिवाळ्यात सरकारकडे गेला. राजापूरच्या पानावर लिहिलं, 'पुरेशी माहिती उपलब्ध नाही.' पुढे नळपाणी योजनेसाठी जी गावं निवडली गेली त्यात त्या भागातलं एकही नव्हतं. आमच्या आकड्यांमुळेच असं झालं की आकडे असूनही झालं असतं, हे मला कधी कळलं नाही. सर मात्र ते स्वतःमुळेच झालं असं मानत राहिले. पुढच्या वर्षी त्यांनी काम सोडलं. मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, भेटत नाहीत कोणाला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

मी आणखी काही वर्षं तिथेच राहिले. दर महिन्याला टेप संस्थेच्या मशीनवर उतरवायची आणि तालुकावार मोजायची. राजापूरची ओळ यायची तेव्हा आकडा बरोबर असायचा, म्हणजे जेवढा उरला होता तेवढा.