लाल पेन्सिलीची रेघ

मुलांनो, घरातले जुने मोडी कागद मी इंग्रजीत उतरवून तुम्हाला पाठवले. त्यावर तुमची तक्रार आली की पानोपानी लाल रेघा आणि प्रश्नचिन्हं आहेत, वाचताना अडखळायला होतं, आजीने अंदाजाने का होईना एकेक शब्द ठरवून टाकावा. ते मी करणार नाही. का करणार नाही, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही दूर आहात, म्हणून लिहिणं सोपं जातंय.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीची गोष्ट. माझे वडील, आप्पा, नंदुरबारला वकिली करत. मी पुण्यात कॉलेजची दोन वर्षं करून परत आले होते आणि आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. त्यामुळे त्यांच्या अपिलांतले मोडी कागद इंग्रजीत करायचं काम माझ्याकडे आलं. जिल्ह्याच्या गावी बसणारे जज्जसाहेब इंग्रज होते. त्यांना मराठी जेमतेम यायचं, मोडी मुळीच नाही.

मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढतो आणि त्यांना अक्षरं टांगत जातो. हात उचलत नाही, दोन शब्दांत जागा सोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाही. म्हणून नुसती मोडी येऊन भागत नाही, प्रत्येक माणसाचा हात वेगळा शिकावा लागतो. आप्पांचा नियम होता: शब्द अडला की त्याच हातातलं तेच अक्षर दुसरीकडे शोधायचं आणि ताडून पाहायचं. तरीही उलगडलं नाही तर भाषांतरात त्या शब्दाखाली लाल रेघ मारायची, समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि जितकी वाचनं शक्य आहेत तितकी सगळी लिहायची. ते म्हणत, "साहेब तुझ्या डोळ्यांनी पाहणार आहे. तुला धुकं दिसत असेल तर त्यालाही धुकंच दिसलं पाहिजे."

त्या वर्षी मोलगीकडच्या एका भिल्ल माणसाचं अपील आप्पांकडे आलं. राखीव जंगलात वणवा लावल्याचा आरोप होता. त्या आगीत चौकी जळाली होती आणि आतला रखवालदार मेला होता. खालच्या कोर्टाने सात वर्षांची सक्तमजुरी दिली होती. त्याची बायको डोंगर उतरून, तापी ओलांडून, तीन दिवस चालत आमच्याकडे आली. तिला फक्त भिली येत होती. मोलगीच्या बाजाराला बांगड्या घेऊन जाणारी एक कासारीण आमच्या गल्लीत राहायची, ती मधे बसून सांगायची. बाई म्हणत होती की आग लागली त्या दिवशी तिचा नवरा गावात भावाचं घर शाकारत होता.

तिथला तलाठी तोवर वारला होता; पुरावा म्हणून त्याची रोजची वही होती. त्या दिवशीच्या नोंदीत एवढंच होतं की सदर इसम दिवसभर अमुक ठिकाणी होता. ते ठिकाण म्हणजे एकच शब्द. खालच्या कोर्टात कारकुनाने तो 'रानात' असा वाचला होता आणि शिक्षा बहुतेक त्यावरच उभी होती. नक्कल साहेबांना चालत नसे, म्हणून मूळ वही पाहायची परवानगी काढली. कोर्टाच्या दप्तरखान्यात बसून मी ती पाहिली. नदी ओलांडताना ती कधीतरी भिजलेली होती. शब्दाचं पहिलं अक्षर फुटून गेलं होतं. मधलं अक्षर न असेल किंवा व असेल. मी आख्खी वही चाळली. त्या तलाठ्याच्या हातात ही दोन अक्षरं कुठे वेगळी होती, कुठे अगदी एकसारखी. रानात म्हणा, गावात म्हणा, शब्द दोन्हीकडे बसत होता.

मला ती बाई खरी वाटत होती. आमच्या ओट्यावर ती पाय पोटाशी घेऊन बसायची, पाणी मागायलासुद्धा संकोचायची. मी इंग्रजीत स्वच्छ लिहिलं की तो गावात होता. रेघ नाही, चिन्ह नाही. मनात म्हटलं, संशय दाखवला तर साहेब वाईट तेच धरतील.

आप्पांनी सही करण्याआधी विचारलं, "लाल कुठे आहे का गं?"

"नाही आप्पा. हात स्पष्ट आहे."

भाषांतर खरं आणि बरोबर असल्याच्या मजकुराखाली त्यांनी सही केली. पेन ठेवताना ते दौतीच्या शेजारी चाचपडले, मी पेन हातातून घेतला.

सुनावणीला मी मागच्या बाकावर होते. आप्पा तासभर बोलले. शब्द 'गावात' आहे, याबद्दल शंकाच नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मग सरकारी भाषांतर पुढे आलं. त्यात 'रानात' होतं आणि त्यालाही कुठे खूण नव्हती. साहेबांनी मोडी जाणणाऱ्या शिरस्तेदारांना वही दिली. त्यांनी ती खिडकीपाशी नेली, बराच वेळ पाहिली आणि सांगितलं की पहिलं अक्षर गेलेलं आहे, खात्रीने काहीच म्हणता येत नाही, पण आपल्याला रानात वाटतं.

तेव्हा आप्पांना कळलं. त्यांनी मान मागच्या बाकांकडे वळवली. मी कुठे बसले आहे ते त्यांना दिसत नव्हतं. पुन्हा साहेबांकडे वळून ते म्हणाले की शब्द संशयास्पद आहे आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळावा.

साहेब शांतपणे म्हणाले, "तासाभरापूर्वी तुम्हाला संशय नव्हता."

त्यांनी आमचं भाषांतर बाजूला ठेवलं. सोयीप्रमाणे वाचणाऱ्याच्या बाकीच्या पानांवरही विश्वास ठेवता येत नाही, असं ते म्हणाले. अपील फेटाळलं गेलं. जी शंका मी लपवली, तेवढीच त्या माणसाच्या बाजूची होती. मी लाल रेघ मारली असती तर आप्पा पहिल्या वाक्यापासून तिच्यावरच उभे राहिले असते.

आप्पा परतीच्या गाडीतही माझ्यावर रागावले नाहीत. पुढेही कधी नाही. त्यांनी भाषांतराचं काम घेणं बंद केलं आणि लाल पेन्सिल माझ्या टेबलावर आणून ठेवली.

दुसऱ्या वर्षी ती बाई कासारणीला घेऊन पुन्हा आली. तुरुंगातून आलेला एक कागद तिच्याजवळ होता. नवरा वारला होता, एवढं तिला गावात कुणीतरी सांगितलं होतं. कशाने वारला, ते तिला हवं होतं. हाताने घाईघाईत लिहिलेला मजकूर होता. तारीख वाचता आली, दवाखाना वाचता आला. आजाराचा शब्द घडीवर आला होता आणि घडी झिजून फाटली होती. मी तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला. अंदाजाने ताप म्हटलं असतं तर ती ताप हेच उत्तर घेऊन घरी गेली असती.

मी सांगितलं, "हा शब्द मला वाचता येत नाही."

कासारणीने ते भिलीत सांगितलं. बाई माझ्याकडे बघत हळूच काहीतरी बोलली. मी विचारलं तेव्हा कासारीण म्हणाली, "ती म्हनस, तवय तुले वाचता उनं. आते काबर नही येत?"

तेव्हा वाचता आलं, मग आता का येत नाही, असं ती बाई विचारत होती. तिने कागद घडी घालून कनवटीला लावला आणि ती गेली. तो शब्द काय होता, ते मला अजून माहीत नाही. तिलाही कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

तुमच्याकडच्या कागदांत जिथे लाल आहे, तिथे मला दिसलेलं नाही. ते तसंच राहू द्या.