बांगडी भरायचा हात

जुन्नरच्या बाजारपेठेत खाली चाचीचं बांगड्यांचं दुकान आणि वर माझी लॅब. मी पॅथॉलॉजिस्ट. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून लोकांच्या गाठी आणि पेशी तपासते. चाची मण्यारांची, साठी ओलांडलेली. माझ्या लग्नाचा हिरवा चुडा तिनंच भरला होता, आणि तो मी महिन्याभरात उतरवून ठेवला याचा राग तिनं आजतागायत सोडलेला नाही. काचेच्या स्लाइडवर काचेच्या बांगड्या आपटतात, हे कारण तिला सपशेल नामंजूर. जिना चढताना रोज खालून आवाज यायचा, "आले भुंडे हात!" मीही वरून म्हणायचे, "तू तुझी काच सांभाळ, मी माझी."

या चाचीच्या गळ्याला थायरॉइडची गाठ. वर्षानुवर्षं तिनं ती ओढणीखाली झाकली होती. उताणं झोपलं की श्वास अडकायला लागला, तेव्हा कुठं बाई ऑपरेशनला तयार झाली. नारायणगावच्या एका इस्पितळात सर्जनांपुढे बसल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला.

"डॉक्टरसाहेब, हाताला काय व्हणार न्हाई ना?"

सर्जन हसले. "चाची, ऑपरेशन गळ्याचं आहे."

मला हसू आलं नाही. थायरॉइडच्या पाठीला चार दाणे चिकटलेले असतात, मसुराच्या डाळीएवढे. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. रक्तातलं कॅल्शियम पडू न देणं हे त्यांचं काम. गाठ काढताना ते दाणे गेले किंवा त्यांचं रक्त तुटलं, तर कॅल्शियम घसरतं आणि पहिल्यांदा बोटंच कुरकुरतात. चाचीनं नकळत नेमकं विचारलं होतं. सर्जनांनाही ते ठाऊक होतंच. धीर द्यायला हसले होते, इतकंच. पण धीर देण्याच्या त्या पद्धतीचा मला भयंकर राग आला, आणि ऑपरेशनच्या दिवशी मी माझा मायक्रोस्कोप गाडीत घालून स्वतःच तिथं जाऊन बसले.

बरं झालं गेले ते. गाठ मोठी आणि सगळीकडे चिकटलेली निघाली. सर्जनांना एकच दाणा शाबूत दिसला, दोन सापडलेच नाहीत, आणि चौथा असावा असं काहीतरी तपकिरी पिवळट कापलेल्या गाठीबरोबर बाहेर आलं होतं. त्याचा चिमूटभर काप माझ्याकडे आला. उरलेला तुकडा त्यांनी थंड सलाइनमध्ये ठेवला.

"दाणा असेल तर बारीक चिरून मानेच्या स्नायूत लावतो, रुजेल," दारातून ते म्हणाले. "थायरॉइडचाच तुकडा असेल तर लावण्यात अर्थ नाही. लवकर सांगा."

तुकडा गोठवून कापायचं यंत्र तिथं नव्हतं. मी त्या कापाची ताजी बाजू स्लाइडवर अलगद टेकवली, ठसा उठला, घाईघाईनं रंगवला आणि डोळा लावला. समोर मोठ्या, गुलाबी, दाणेदार पेशींचा थवा! थायरॉइडच्या पेशीसुद्धा कधीकधी अशाच फुगून गुलाबी होतात, आणि चाचीच्या गाठीच्या सुईच्या तपासणीत मीच त्या पाहिल्या होत्या. "थायरॉइड" हा शब्द अगदी ओठांवर आला.

पण मन मानेना. वय वाढतं तशा पॅराथायरॉइडमध्येही अशा गुलाबी पेशी वाढतात, त्यांना ऑक्सिफिल म्हणतात. आणि चाची काही सोळा वर्षांची नव्हती. मग मी गुलाबी पेशी सोडून त्यांचा शेजार बघायला लागले. स्लाइड सरकवली, आणखी सरकवली. कडेला दिसल्या बाई! लहान, एकसारख्या, गोल केंद्रकाच्या, अंगावर फिकट पातळ पेशीद्रव्य असलेल्या दाट पेशी. काहींची तर नुसती उघडी केंद्रकंच पडलेली. या चीफ पेशी, म्हणजे कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक बनवणाऱ्या मूळ कामकरणी. आजूबाजूला चरबीचे थेंब, आणि थायरॉइडमध्ये साठतो तसा घट्ट रस, म्हणजे कोलॉइड, कुठंच नाही. गुलाबी पेशींकडे परत आले, तर त्यांची केंद्रकंही लहान आणि गप्प. थायरॉइडच्या फुगलेल्या पेशींच्या केंद्रकात ठळक ठिपका दिसतो, तो इथं नव्हता.

"पॅराथायरॉइड!" मी एवढ्या जोरात ओरडले की सिस्टरच्या हातातला ट्रे हलला. "लावा, लावा तो!"

लावलेला दाणा रुजायला आठवडे लागतात. दुसऱ्या दिवशी चाचीच्या ओठांना, बोटांना मुंग्या आल्या. कॅल्शियम घसरलंय का ते बघायला सर्जनांनी दंडाला बीपीचा पट्टा बांधून फुगवून ठेवला. थोड्याच वेळात तिचं मनगट वाकलं, बोटं सरळ होऊन एकमेकींना चिकटली आणि अंगठा तळव्यात शिरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाचीनं मात्र स्वतःचा हात नीट निरखला.

"अगं, ह्यो तर बांगडी भरायचा हात!" ती म्हणाली. "मी आख्खी जिंदगी पोरींना सांगती, अंगठा आत घे, बोटं जुळव. ह्यो बिनसांगता जुळला!" आणि शिरेतून कॅल्शियम जात असताना ती बाई हसत होती. मग हळूच विचारलं, "पन सुटंल ना?"

"सुटेल," मी म्हणाले आणि सलाइनचे थेंब मोजत राहिले.

पक्क्या स्लाइड तयार झाल्यावर मी तिला वर बोलावून तिची गाठ दाखवली. कर्करोग नव्हता. पेशींची गोल गोल कडी आणि प्रत्येक कड्यात भरलेला गुलाबी कोलॉइड बघून ती हरखलीच.

"लई बांगड्या हायेत की माज्या गळ्यात! आन् ह्या कडेला कोन?"

वेगळा रंग लावून उठवलेल्या त्या सी-पेशी होत्या. कड्याच्या भिंतीला बाहेरून टेकलेल्या, आतल्या कोलॉइडला न शिवणाऱ्या. त्या कॅल्शियम खाली ओढतात, दाणे वर चढवतात, असं मी सांगितलं.

"मंग खाली वडनाऱ्या गेल्या, ते ब्येसच झालं!"

"त्या गेल्यानं माणसाचं फारसं अडत नाही, चाची. सगळी मदार दाण्यांवर."

महिने गेले. कॅल्शियमच्या गोळ्या एकेक करून कमी झाल्या, बंद झाल्या. माझ्याच लॅबमधला आकडा चांगला आला, तरी माझा विश्वास बसेना. मी पट्टा घेऊन दुकानात उतरले, गिऱ्हाइकांदेखत तिच्या दंडाला बांधला आणि फुगवला. दोघी हाताकडे बघत बसलो. बोटं सैल, अंगठा बाहेर.

"बग, मिटंना!" चाची ओरडली आणि त्याच हातानं तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. इतका आनंद मला माझ्या डॉक्टरकीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

नंतर डिंगोऱ्याला माझ्या पुतणीचं लग्न होतं. चुडा भरायला चाची आली, गळ्यावरचा वण उघडा टाकून. पुतणीचे हात झाले आणि तिनं माझं मनगट धरलं.

"चाची, माझी स्लाइड..."

"गप. अंगठा आत घे."

मी घेतला. बांगडी हाडाशी अडली.

"ढिला सोड गं," ती म्हणाली. "माजा सुटला, आता तुजाच आवळलाय."

मी हात सोडून दिला. तिची बोटं माझ्या हातावरून फिरली, कुठंही न थरथरता, आणि बांगडी सरकन आत गेली. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर काच वाजत होती. मी बांगड्या उतरवल्या नाहीत.