पाच वेळा विकलेलं शेत

आप्पासाहेब हडपसरहून आमच्या शनिवार पेठेतल्या कचेरीत पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा आणि बगलेत फुलस्केप कागदांचा गठ्ठा होता. पेढे त्यांनी आधी दिले. दिवाळी अंकाच्या संपादिकेला हा क्रम चांगलाच ठाऊक असतो. आधी पेढे देणाऱ्याचा लेख हमखास लांब निघतो.

"'बदलतं हडपसर'," ते खुर्चीत बसत म्हणाले. "समदं लिवलंय. काय सोडलं न्हाई."

"तीच भीती होती," मी म्हणाले.

त्यांना राग आला नाही. आप्पासाहेबांना राग येत नसे, हा त्यांचा सर्वांत चिवट गुण. सहा फूट उंची, पांढरं धोतर, त्यावर नातवानं दिलेलं कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीचं जाकीट, आणि जिथं बसतील तिथं पाच मिनिटांत समोरच्याचं गाव, आडनाव आणि दुखणं काढून घ्यायची हातोटी. माझी कंबर दुखते हे त्यांना लेखाचं नाव सांगण्याआधीच कळलं होतं. उसाची जमीन विकून आता ते त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये पाचव्या मजल्यावर राहत होते. लिफ्टमनला ते 'पाटकरी' म्हणत, कारण कालव्याच्या पाण्यासारखी कुणाची पाळी कधी ते तोच ठरवतो.

लेख आठ छापील पानांत बसायला हवा होता. गठ्ठा तीस पानांचा तरी होता. मी तो परत द्यायच्या बेतात होते, तेवढ्यात ते एकदम आवाज उतरवून म्हणाले, "बाई, हे आमच्या गेनबानं वाचलं पायजे. धाकटा भाऊ माझा. मी माझा हिस्सा विकला तवापास्नं आठ वर्सं उंबरा शिवला न्हाई त्यानं. का विकलं, एवढंच इचारत व्हता. तुमच्या अंकात छापून आलं तर वाचंल. अंक घेतो त्यो दरवर्षी."

आता असं म्हटल्यावर कोण परत देणार? मीही माणूसच आहे, पेठेतली असले तरी.

मी त्यांना एक काम सांगितलं. "लेख लिहायच्या आधी आराखडा करतात, ते तुम्ही केलं नाहीत. हरकत नाही. आता उलटा करा. प्रत्येक परिच्छेदाला नंबर द्या. मग एकेक परिच्छेद वाचून, तो काय सांगतो ते एका ओळीत वेगळ्या कागदावर लिहा. मग लेख बाजूला ठेवायचा आणि नुसत्या ओळी वाचायच्या. कुठे तेच तेच झालंय, कुठे गाडी भलतीकडे गेलीय, लगेच दिसतं."

"म्हंजी आधी इमारत, मंग नकाशा," आप्पासाहेब खूश झाले. "आमच्याकडं समदं असंच बांधलंय."

आठवड्यानं ते नकाशा घेऊन आले. वळणदार अक्षर, लाल शाईच्या रेघा. मी वाचायला घेतला. 'जमीनविक्रीची कौटुंबिक पार्श्वभूमी.' 'जमीनविक्रीची जलविषयक कारणमीमांसा.' 'शैक्षणिक परिप्रेक्ष्य.' एक ओळ दुसरीसारखी नव्हती. या कागदावर विश्वास ठेवला तर लेखातली एक मात्रासुद्धा कापायला नको होती.

"हे नातवानं लिहून दिलं?"

"मीच लिवलं. शबुद त्याचे."

चूक शब्दांची नव्हती. त्यांनी लेखात काय आहे ते लिहिलंच नव्हतं, आपल्याला काय म्हणायचं होतं ते लिहिलं होतं, आणि तेही मथळ्यांसारखं. मथळ्याखाली काहीही लपतं. 'पार्श्वभूमी' म्हटलं की कुणी विचारत नाही की बाबा, झालं काय. पूर्ण वाक्य लिहायचं, क्रियापदासकट, म्हणजे वाक्याला काहीतरी कबूल करावं लागतं. आणि लिहिणाऱ्याला स्वतःच्या परिच्छेदात नसलेलंही दिसतं, हे मी इतक्या लेखकांच्या बाबतीत पाहिलं आहे की आता त्यावर भांडतसुद्धा नाही.

"तुमच्या घरी कुणी हा लेख वाचलाय का?" मी विचारलं.

"मंडळींनी न्हाई वाचला. म्हणती, तुमचं ऐकून हाय."

"मग त्याच हव्यात."

असं करून मी रविवारी हडपसरला गेले. कंबरेसकट. मुक्ताबाई, म्हणजे आप्पासाहेबांच्या मंडळी, बाल्कनीच्या दाराशी घेवडा निवडत बसल्या होत्या. बारीक चणीच्या, कपाळावर मोठं कुंकू, आणि बोलण्याची काटकसर अशी की पेठेत जन्मायच्या त्या चुकून हडपसरला जन्मल्या. मी त्यांना सांगितलं, "हे एकेक परिच्छेद वाचतील. त्यात जे ऐकू आलं तेवढंच तुम्ही एका वाक्यात सांगायचं. यांना काय म्हणायचं असेल त्याचा विचार करायचा नाही. मी लिहून घेते."

"त्यो इचार मी सोडूनच दिलाय," मुक्ताबाई म्हणाल्या.

आप्पासाहेबांनी घसा साफ करून पहिला परिच्छेद वाचला. चांगला भारदस्त होता, यादवकाळापासून सुरुवात.

"हडपसर लई जुनं हाय," मुक्ताबाई म्हणाल्या.

दुसरा वाचला.

"लई म्हंजी लईच जुनं हाय."

मी लिहिलं. आप्पासाहेबांनी चष्मा पुसला. तिसऱ्यापासून लेख जरा चालू लागला. चौथ्यात 'खरं सांगायचं तर' अशी सुरुवात करून भाऊ वाटणी मागत होता.

"गेनबानं वाटणी मागितली म्हणून शेत विकलं," मुक्ताबाई म्हणाल्या, आणि शेंगेची शीर जरा जोरात ओढली.

पुढे बाजार आला, रस्ता आला, लोणीच्या जत्रेतली एक कुस्ती आली. कुस्ती तीन परिच्छेद चालली आणि मला कबूल केलं पाहिजे, झकास होती. मुक्ताबाईंची ओळ मात्र तिन्ही वेळा एकच: "कुस्ती." मी म्हटलं, वाक्य हवं. त्या म्हणाल्या, "कुस्ती चाललीय, हडपसर थांबलंय." मग परत 'खरं सांगायचं तर', आणि विहीर आटली म्हणून शेत विकलं. मग नातवाचा लॅपटॉप. मग 'खरं सांगायचं तर', पोरांच्या शिक्षणासाठी शेत विकलं. मग बिल्डर रोज दारात येऊन बसायचा म्हणून विकलं. शेवटाकडे रस्तारुंदीत जाणारच होतं म्हणून विकलं. घेवडा संपला आणि लेखही संपला.

मी लेखाचा गठ्ठा उशीखाली सरकवला आणि नुसत्या ओळी वाचून दाखवल्या. मग मुक्ताबाई म्हणाल्या, "आवं, एकच शेत पाच येळा विकलंत की."

मला हसू आवरेना. आप्पासाहेबही हसले, पण त्यांचं हसू लवकर संपलं.

"तेच पाचदा आलंय," मी कामाचं बोलले. "नियम साधा आहे. सगळ्यांत पक्कं असेल ते एक ठेवायचं. बाकीच्यांत काही वेगळं कामाचं असेल तर ते त्या एकात घ्यायचं, उरलेलं कापायचं. कुठलं ठेवू?"

"पाची ठिवा. पाची खरी हायती."

"विहीर विकल्यावर आटली," मुक्ताबाई म्हणाल्या. "पोरं तवा नोकरीला लागली व्हती. आन गेनबानं वाटणी कवा मागितली? तुमी करून दिली. हे त्यानं वाचलं तर आठाची सोळा वर्सं व्हतील."

आप्पासाहेब खिडकीबाहेर बघू लागले. खाली दोन टॉवरांच्या मधोमध हिरवा चौकोन होता. तो गेनबाचा ऊस. मला माझाच राग आला. कापाकापी करायला आले होते आणि भलत्याच जागी सुरी लागली होती.

"शेत विकलं त्याच्या दुसऱ्या दिशी," मुक्ताबाई टोपली उचलत म्हणाल्या, "तुमी सकाळी नऊला उठलात. जल्मात पयल्यांदा. मी दोनदा बघून गेले, जित्ते हायत का."

खालच्या उसाकडे बघतच आप्पासाहेब म्हणाले, "मला शेती आवडत नव्हती, बाई. कधीच न्हाई. कालव्याची पाळी यायची ती रातची. थंडीत गुडघाभर पाण्यात उभं ऱ्हायचं, उसाच्या पात्यानं अंग कापून निघायचं. बा म्हणायचा काळी आई हाय. आई म्हणल्यावर आवडत न्हाई असं म्हणायची सोय ऱ्हाती का? विकलं आन झोपलो. लई भारी झोप लागली. हे कुणाला सांगायचं?"

"हे तुमच्या लेखात कुठंच नाही," मी म्हणाले. ओळींच्या कागदाचा हाही एक उपयोग असतो. जे पाच वेळा आलंय ते दिसतं, आणि ज्याच्याभोवती ते पाच वेळा फिरलं त्याची रिकामी जागाही दिसते.

मग आम्ही कामाला बसलो. पाचही परिच्छेद काढले. त्यांच्या जागी एकच लिहायचा ठरला, 'खरं सांगायचं तर' वगळून. पण तेवढ्यानं भागत नाही. लेखाचं मुख्य वाक्य 'हडपसरला बदलावं लागलं' असं होतं. ते आता 'आमच्यातल्या काहींना बदलायचंच होतं' असं झालं. म्हणून सगळ्या ओळी पुन्हा एकदा या नव्या वाक्याशी लावून पाहिल्या. यादव गेले. रस्तारुंदी गेली. लॅपटॉप, जो आधी भरकटलेला वाटत होता, तो उलट राहिला, कारण नातवाला नको ते काम नको म्हणता येतं हे त्यात होतं. कुस्तीसाठी आप्पासाहेबांनी रदबदली केली.

"तिचा ह्या वाक्याशी संबंध काय?" मी विचारलं.

"मी जिकलो व्हतो."

कुस्ती गेली. तुटलेले सांधे मी दोन-चार शब्दांत जोडले, लेख सुरुवातीपासून मोठ्यानं वाचून घेतला, आणि तो आठ पानांत बसला. निघताना आप्पासाहेब लिफ्टपर्यंत आले. "गेनबा काय म्हणंल?" त्यांनी विचारलं. आधीच्या लेखात निदान पाच दारं होती पळायला, आता एकही नव्हतं. मी पाटकऱ्याला तळमजला सांगितला.

अंक वसुबारसेला बाजारात आला. पाडव्यापर्यंत हडपसरहून काही कळलं नाही. मी फोन केला नाही, पण फोनपासून लांबही गेले नाही. भाऊबीजेला दुपारी मुक्ताबाईंचा आला.

"गेनबा आलाय," त्या म्हणाल्या. "अंक घिऊन आला. दारातच उभा व्हता."

"काय म्हणाले?"

"म्हणला, दादा, तवा इचारलं तर तू पाच कारणं सांगितलीस, एक पटलं न्हाई. हे पटलं. मंग खाली बसला आन रडाय लागला."

"का हो?"

"म्हणला, आठ वर्सं मी एकटा रातचं पाणी धरतुया. मला वाटायचं, ज्याला शेती आवडत न्हाई असा घरात मीच एक हाय."

मी कंबर विसरून खुर्चीतून उठले. पेठेत असं सहसा होत नाही.

"आता काय करतायत दोघं?" मी विचारलं.

"जेवून झोपलेत," मुक्ताबाई म्हणाल्या. "उठवायचं न्हाई म्हणून सांगितलंय."